क्रीम अडीच वर्षांत का फुटला? सुपरग्रुप टिकत का नाहीत ते सोप्या भाषेत

जुनं रॉक ऐकायला लागलं की एक गोष्ट हमखास खटकते. गिटारवर एरिक क्लॅप्टन, बासवर जॅक ब्रूस, ड्रमवर जिंजर बेकर, तिघंही आपापल्या वाद्यात इंग्लंडमधले अगदी वरच्या फळीतले, तिघं मिळून क्रीम नावाचा बँड काढतात, जुलै १९६६ ला पहिला कार्यक्रम होतो आणि नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम करून मोकळे होतात. पुरती अडीच वर्षंसुद्धा नाहीत. त्यानंतर काही महिन्यांतच क्लॅप्टन आणि बेकर स्टीव्ह विनवुडला घेऊन ब्लाइंड फेथ काढतात, त्यांचा एकुलता एक अल्बम इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे एक नंबरला जातो, आणि तो बँड तर वर्षभरही चालत नाही.

कुणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, इगो हो, दुसरं काय. मला हे उत्तर अपुरं वाटतं, कारण इगो तर सगळ्याच बँडमध्ये असतो आणि तरी काही बँड तीस-तीस वर्षं चालतात. खरं कारण बरंचसं व्यवहारात आहे. पैसे कसे वाटायचे, शेवटचा शब्द कुणाचा, स्टेजवर कुठली गाणी वाजवायची हे साध्या बँडमध्ये हातात काहीच नसताना ठरतं, आणि सुपरग्रुपमध्ये ते सगळं हातात असताना ठरवावं लागतं. हे क्रीमच्या उदाहरणावरून जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्याच बँडवरून दिसत नाही, म्हणून त्याच्यावरच जरा जास्त वेळ थांबू.

सुपरग्रुप म्हणजे नक्की काय

आधीच दुसऱ्या बँडमध्ये किंवा एकट्याने नाव कमावलेले लोक एकत्र येऊन नवा बँड काढतात, त्याला सुपरग्रुप म्हणतात, एवढीच व्याख्या. बीटल्स सुपरग्रुप नव्हता, कारण ते एकत्र आले तेव्हा त्यांना लिव्हरपूलबाहेर कुणी ओळखत नव्हतं. क्रीम होता, कारण क्लॅप्टन यार्डबर्ड्स आणि जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्समधून नाव करून आलेला, आणि ब्रूस-बेकर हे दोघं ग्रॅहम बाँड ऑर्गनायझेशनमध्ये एकत्र वाजवलेले.

आता हे 'एकत्र वाजवलेले' म्हणजे कसे ते बघा. ग्रॅहम बाँडच्या बँडमध्ये या दोघांची स्टेजवर मारामारी व्हायची, शेवटी बेकरनेच ब्रूसला बँडमधून काढलं होतं. १९६६ मध्ये बेकर एका कार्यक्रमानंतर क्लॅप्टनला आपल्या नव्या गाडीतून सोडायला निघाला आणि वाटेत म्हणाला की आपण बँड काढूया, तर क्लॅप्टन म्हणाला चालेल, पण बास वाजवायला जॅक पाहिजे. क्लॅप्टनने नंतर सांगितलंय की हे ऐकून बेकरची गाडी ठोकता ठोकता राहिली. म्हणजे बँडचं नावही ठरलं नव्हतं तेव्हापासून यातल्या दोघांचं जुनं भांडण बँडमध्ये येऊन बसलेलं होतं, आणि तिसऱ्याला त्याची पूर्ण कल्पना नव्हती.

मग सुरुवात इतकी झकास का होते

कारण शिकण्यात जाणारी वर्षं वाचतात. साध्या बँडला हात बसायला, एकमेकांचं ऐकून वाजवायला, प्रेक्षक जमवायला चार-पाच वर्षं लागतात, इथे ते सगळं तयार असतं. क्रीमचा पहिला कार्यक्रम मँचेस्टरच्या एका क्लबमध्ये झाला आणि दोनच दिवसांत ते विंडसरच्या मोठ्या फेस्टिव्हलमध्ये वाजवत होते. तयार गाणी जेमतेमच होती, पण वादक असे की एकेक गाणं हवं तेवढं लांबवता यायचं. ब्रूस आणि बेकर दोघंही जॅझ वाजवलेले, त्यामुळे ऐनवेळी सुचेल तसं वाजवणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

१९६७ च्या मे महिन्यात त्यांनी न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत 'डिझरायली गिअर्स' हा अल्बम थोड्याच दिवसांत उरकला. त्याच वर्षी पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर हॉलमध्ये तो चालवणाऱ्या बिल ग्रॅहमने त्यांना सांगितलं की तुम्हाला वाटेल तेवढा वेळ वाजवा, आणि तीन-चार मिनिटांची गाणी पंधरा-पंधरा मिनिटांची झाली. लोक वेडे झाले. क्रीमचं जे अफाट काम आपण आज ऐकतो त्यातलं बरंच इथून पुढच्या एका वर्षातलं आहे.

दुसरं एक कारण कमी बोललं जातं. पहिल्या वर्षात सगळे जरा जपून वागतात, दुसऱ्याला जागा देतात, कारण प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल खरा आदर असतो आणि वाटण्यासारखं अजून फारसं काही आलेलं नसतं. वाटणीचा विषय पैसे आल्यावर निघतो.

गाणं कुणाच्या नावावर आहे?

इथे थोडं नीट समजून घ्यावं लागेल, कारण रॉक बँडमधली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

बँडला पैसे येतात ते ढोबळमानाने तीन वाटांनी. कार्यक्रमाचं मानधन येतं, ते बहुतेक वेळा सारखं वाटतात. रेकॉर्ड विकली गेली की वाजवणाऱ्यांचा वाटा येतो, तोही सारखा वाटता येतो. तिसरी वाट म्हणजे गाणं ज्याने लिहिलं त्याची रॉयल्टी, ती फक्त ज्यांचं नाव गीतकार-संगीतकार म्हणून लागलंय त्यांनाच जाते, बँडमधल्या बाकीच्यांना त्यातलं काहीही मिळत नाही. शेतीच्या भाषेत सांगायचं तर रेकॉर्डिंग हे एका हंगामाचं पीक आहे आणि गाणं ही जमीन आहे. पिकात सगळ्यांनी घाम गाळला म्हणून वाटा मिळतो, पण सातबाऱ्यावर नाव ज्याचं त्याचीच जमीन, उद्या तिसऱ्याच कुणीतरी येऊन तिथे पीक घेतलं, म्हणजे तेच गाणं दुसऱ्या गायकाने गायलं, रेडिओवर लागलं, सिनेमात वापरलं, तरी खंड जमीनमालकालाच जाणार.

रक्कम किती असायची? अमेरिकेत त्या काळी कायद्याने ठरलेला दर होता, विकल्या गेलेल्या प्रत्येक रेकॉर्डमागे प्रत्येक गाण्याला २ सेंट. हा दर १९०९ पासून १९७८ पर्यंत तोच होता. ऐकायला किरकोळ वाटतं, पण समजा एका अल्बमच्या दहा लाख प्रती गेल्या तर एका गाण्याचे २०,००० डॉलर होतात, सर्वसाधारण पद्धतीने त्यातले निम्मे प्रकाशक कंपनीने घेतले तरी १०,००० लिहिणाऱ्यांना. हे फक्त एका गाण्याचं, तेही १९६८ च्या डॉलरमध्ये, रेडिओचे पैसे वेगळे आणि पुढची कित्येक दशकं हे येतच राहतं. अल्बमवर चार-पाच गाणी एकाच माणसाच्या नावावर असतील तर तो आणि त्याच्या शेजारी उभा राहून तेच वाजवणारा यांच्यात दोन-तीन वर्षांत मोठी दरी पडते.

क्रीममध्ये नेमकं हेच झालं. पीट ब्राऊन नावाचा एक कवी होता, त्याला आधी बेकरने बोलावलं होतं, स्वतःबरोबर गाणी लिहायला. पण ब्राऊनचं सूत जमलं ते ब्रूसशी. 'व्हाइट रूम'वर नाव ब्रूस आणि ब्राऊनचं, 'सनशाइन ऑफ युवर लव्ह'वर या दोघांसोबत क्लॅप्टनचं. बेकरचं नाव दोन्हीवर नाही. 'व्हाइट रूम' ज्यांनी ऐकलंय त्यांनी सुरुवात आठवून बघा, गाणं सुरू व्हायच्या आधी ड्रम पाच मात्रांच्या चालीने येतात आणि मग गाणं नेहमीच्या चार मात्रांवर जातं. ती पाच मात्रांची कल्पना आपली होती, आणि 'सनशाइन'चा तो जड, उलट्या वजनाचा ठेकाही आपलाच, असं बेकर आयुष्यभर सांगत राहिला. ठेक्याबद्दल साउंड इंजिनिअर टॉम डाउडचं म्हणणं वेगळं होतं, तो म्हणायचा की ती आयडिया माझी. कुणाचं खरं ते बाजूला ठेवू. मुद्दा हा की कायद्याच्या आणि धंद्याच्या नजरेत गाणं म्हणजे चाल आणि शब्द. ठेका, वाजवण्याची पद्धत, सुरुवातीचा तुकडा हे सगळं मांडणीत मोडतं आणि मांडणीला जमिनीत हिस्सा नसतो. त्यामुळे ड्रमर मंडळी जवळजवळ सगळ्याच बँडमध्ये या वाटणीत बाहेर राहतात, त्यांना मुद्दाम आत घेतलं तरच आत येतात.

मला इथे बेकरबद्दल खरंच वाईट वाटतं. माणूस भयंकर तापट होता, त्याच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं हे सगळेच सांगतात, पण ती गाणी त्याच्या ड्रमशिवाय ऐकून बघा म्हणजे कळेल. आणि त्याची तक्रार इगोची कमी आणि हिशोबाची जास्त होती.

आवाजाची मारामारी

दुसरं भांडण स्टेजवरचं. त्या काळी आजच्यासारखी साउंड सिस्टिम नव्हती. गिटार आणि बास ज्या अँप्लिफायरमधून वाजायचे तोच आवाज थेट हॉलमध्ये जायचा, आणि स्टेजवरच्यांना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून समोर जे छोटे स्पीकर ठेवतात तेही जवळपास नसायचेच. क्लॅप्टन आणि ब्रूस दोघांच्या मागे १०० वॅटच्या मार्शल अँप्लिफायरच्या भिंती असायच्या. एकाने आवाज वाढवला की दुसऱ्याला स्वतःचं ऐकू येईना, मग तो वाढवायचा, आणि बेकरच्या ड्रमना तर वाढवायला बटणच नव्हतं, त्याच्याकडे फक्त दंडातली ताकद. आपले कान ब्रूसच्या आवाजाने गेले असं तो पुढे म्हणत राहिला.

क्लॅप्टनने सांगितलेला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. एका कार्यक्रमात त्याने मधेच गिटार वाजवणं थांबवलं, बघूया काय होतं म्हणून, आणि बाकीच्या दोघांना कळलंच नाही, ते वाजवतच राहिले. ज्या तिघांचं नाव एकमेकांना ऐकून वाजवण्यासाठी झालं होतं ते दीड-दोन वर्षांत इथपर्यंत आले.

साध्या बँडमध्ये अशा वेळी कुणीतरी एकजण बाकीच्यांना सांगू शकतो की बाबा आवाज कमी कर. कारण तिथे पहिल्यापासून कुणाचं तरी ऐकायची सवय असते, बहुतेक वेळा ज्याने बँड जमवला त्याचं. क्रीममध्ये बँड काढायची कल्पना बेकरची, गाणी जास्त करून ब्रूसची आणि गायनही त्याचंच, आणि लोक यायचे क्लॅप्टनला बघायला. मग ऐकायचं कुणाचं? १९६८ च्या उन्हाळ्यात त्यांनी बँड बंद करायचं जाहीर केलं आणि त्याच सुमारास त्यांचा 'व्हील्स ऑफ फायर' अमेरिकेत एक नंबरला होता.

ब्लाइंड फेथ, किंवा गाणी तयार व्हायच्या आधीच दौरा

क्रीममध्ये निदान स्वतःची गाणी होती. ब्लाइंड फेथचं दुखणं वेगळं होतं.

१९६९ च्या सुरुवातीला क्लॅप्टन आणि विनवुड दोघं निवांत घरी बसून वाजवत होते, बँड वगैरे ठरलेलं नव्हतं. बेकर येऊन सामील झाला, मग फॅमिली या बँडचा रिक ग्रेच आपला अमेरिकेचा दौरा अर्धवट टाकून आला. ७ जूनला पहिलाच कार्यक्रम, कुठे, तर लंडनच्या हाइड पार्कमध्ये, फुकट, समोर अंदाजे १ लाख माणसं. नवीन बँड एरवी पन्नास माणसांसमोर चुका करून शिकतो, यांना ती सोयच नव्हती. जुलैत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनपासून अमेरिकेचा दौरा सुरू झाला आणि अल्बम आला ऑगस्टमध्ये. म्हणजे दौऱ्याच्या सुरुवातीला हजारो लोक तिकीट काढून आलेत आणि त्यांनी यातलं एकही गाणं ऐकलेलं नाही! त्यात अल्बमवर गाणी किती, तर सहा, त्यातलं एक बडी हॉलीचं जुनं गाणं आणि एकात लांबलचक ड्रम सोलो. एवढ्यावर दीड तास कसा काढणार?

लोक ओरडायला लागले, क्रीमचं वाजवा, विनवुडच्या जुन्या बँडचं, ट्रॅफिकचं वाजवा. आणि यांनी वाजवलं. तिथेच बँडमधला जीव गेला असं मला वाटतं, कारण ज्या गाण्यांपासून सुटका हवी म्हणून क्लॅप्टन क्रीममधून बाहेर पडला तीच तो वर्षभरात पुन्हा वाजवत होता, फरक एवढाच की शेजारी ब्रूस नव्हता. दौऱ्यात आधी वाजवणारी डिलेनी आणि बॉनी ही जोडी होती, क्लॅप्टन आपल्या बँडपेक्षा त्यांच्याबरोबर जास्त रमायला लागला. २४ ऑगस्टला होनोलुलूत शेवटचा कार्यक्रम झाला आणि संपलं.

घाई कुणाला होती? दौरा बुक करणाऱ्यांना, मॅनेजरना, रेकॉर्ड कंपनीला. नावं मोठी असली की गाणी तयार व्हायच्या आधीच तिकिटं विकता येतात, आणि विकता येतात म्हणून विकली जातात. क्लॅप्टन आणि विनवुडला कुणी सहा महिने तसंच घरी वाजवू दिलं असतं तर काय झालं असतं हा विचार मनातून जात नाही.

पण शेवटी हा इगोच नाही का?

हा आक्षेप येणारच. त्यावर माझं उत्तर द किंक्स. रे आणि डेव्ह डेव्हिस हे सख्खे भाऊ, यांची भांडणं सगळ्या रॉकमध्ये कुप्रसिद्ध, १९६५ मध्ये कार्डिफला डेव्ह आणि ड्रमर मिक एव्हरी यांची भर स्टेजवर अशी जुंपली की डेव्ह बेशुद्ध पडून हॉस्पिटलात गेला. तरी हा बँड १९९६ पर्यंत चालला, आणि एव्हरी त्यात नंतरही जवळजवळ वीस वर्षं होता. त्यांच्यात इगो क्रीमपेक्षा कमी होता असं कुणी म्हणणार नाही. पण गाणी मुख्यतः रे लिहितो हे पहिल्यापासून ठरलेलं, आणि किंक्स सोडून जायचं तर जायला दुसरं तेवढं मोठं घर कुणाकडेच नव्हतं. क्लॅप्टनला मात्र कुठल्याही संध्याकाळी दुसरा बँड मिळत होता. भांडण दोन्हीकडे सारखंच असलं तरी सोडून जायची किंमत सारखी नव्हती, आणि माझ्या मते टिकण्या-न-टिकण्याचा फैसला बऱ्याचदा तिथे होतो.

साधे बँडही फुटतातच की, असंही कुणी म्हणेल. बरोबर आहे, बहुतेक बँड फुटतात, फक्त ते नाव व्हायच्या आधी फुटतात म्हणून आपल्याला त्यांचा पत्ता लागत नाही. आपण ज्यांना 'टिकलेले' म्हणतो ते चाळणीतून उरलेले आहेत. सुपरग्रुपची चाळणी सगळ्या जगासमोर होते.

सारखी वाटणी केली की झालं का?

आर.ई.एम.ने ते केलं होतं. चौघांचीही नावं प्रत्येक गाण्यावर, आडनावाच्या अक्षराप्रमाणे, कुणी काहीही केलेलं असो. बँड १९८० ते २०११ चालला. पण ते एकत्र आले तेव्हा चौघंही अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका कॉलेजच्या गावातले अनोळखी तरुण होते, वाटायला काही नव्हतं म्हणून सारखं वाटणं सोपं गेलं.

सुपरग्रुपमध्ये एवढ्याने भागत नाही हे ऑडिओस्लेव्हने दाखवलं. रेज अगेन्स्ट द मशीनचे तिघं आणि साउंडगार्डनचा गायक क्रिस कॉर्नेल, २००१ मध्ये एकत्र आले. संगीत सगळ्यांच्या नावावर, शब्द कॉर्नेलचे, म्हणजे वाटणी चांगली. पण दोन्ही बाजूंचे मॅनेजर वेगळे, रेकॉर्ड कंपन्या वेगळ्या. मॅनेजरांच्या ओढाताणीत पहिला अल्बम यायच्या आधीच, २००२ मध्ये, कॉर्नेल एकदा सोडून गेला होता, मग दोन्ही जुने मॅनेजर काढून तिसरा घेतला तेव्हा परत आला. सुरुवातीला त्यांनी जुन्या बँडची गाणी वाजवायची नाहीत असं पाळलं, २००५ पासून ती वाजवायला लागले. तीन अल्बम झाले. २००७ च्या जानेवारीत रेज पुन्हा एकत्र वाजवणार असं जाहीर झालं आणि फेब्रुवारीत कॉर्नेलने आपण कायमचं बाहेर पडतोय असं सांगितलं. तिघांचं जुनं घर तसंच उभं होतं, आणि त्यांना बोलावणं आलं.

विलबरीजना कसं जमलं

१९८८ मध्ये बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनला एका सिंगलच्या मागच्या बाजूसाठी एक जादा गाणं हवं होतं. जेफ लिन आणि रॉय ऑर्बिसन त्याच्याबरोबर होते, स्टुडिओ म्हणून बॉब डिलनचं मॅलिबूचं गॅरेज मिळालं, टॉम पेटीही आला. गाणं इतकं चांगलं झालं की ते मागच्या बाजूला घालवायला मन होईना, आणि त्यातून ट्रॅव्हलिंग विलबरीज हा बँड झाला.

त्यांनी काय केलं बघा. डिलनला जूनमध्ये दौऱ्यावर जायचं होतं, त्यामुळे मे महिन्यात हाताशी जेमतेम दहा दिवस होते, तेवढ्यात गाणी लिहून मुख्य रेकॉर्डिंग उरकलं. डेव्ह स्टुअर्टच्या घरी सगळे गोल बसून साध्या गिटारवर गाणी रचायचे, ओळी सगळ्यांनी सुचवायच्या. अल्बमवर कुणाचंही खरं नाव नाही, पाच सावत्र विलबरी भाऊ म्हणून खोटी नावं, आणि गाणी सगळ्यांच्या नावावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दौरा नाही, एकही नाही, कधीच नाही. त्यामुळे ब्लाइंड फेथचा सापळा त्यांच्यापुढे आलाच नाही, कुणी समोरून जुनी गाणी मागायला नव्हतंच. डिसेंबर १९८८ मध्ये ऑर्बिसन गेला, बाकीच्या चौघांनी १९९० मध्ये आणखी एक अल्बम केला आणि तिथे थांबले. टिकला का म्हणाल तर नाही टिकला, पण फुटलाही नाही, कारण टिकायचं आहे असं त्यांनी ठरवलंच नव्हतं.

क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश यांनी दुसरी युक्ती केली, बँडला तिघांची आडनावंच दिली, म्हणजे यातला एक गेला तर बाकीच्यांना ते नाव वापरता येऊ नये आणि प्रत्येकाला आपलं वेगळं काम करायलाही मोकळीक. नील यंग आला तर त्याचंही आडनाव जोडलं, गेला की काढलं. असं तुटत-जुळत ते २०१५ पर्यंत वाजवत राहिले.

नवा सुपरग्रुप जाहीर झाला की काय बघायचं

मी आता सगळ्यात आधी गाण्यांखालची नावं बघते. सगळ्यांची असतील तर बरं, एकाचीच असतील तर दुसऱ्या अल्बमपर्यंत कुरबूर ठरलेली. मग दौरा अल्बमच्या आधी आहे का नंतर. आणि पहिल्या कार्यक्रमांच्या यादीत जुन्या बँडची गाणी किती, कारण निम्मी जुनी असतील तर लोक नव्या बँडसाठी आलेलेच नाहीत. जुन्या बँडच्या पुनर्मीलनाची बातमी आली तर तिकीट ताबडतोब काढावं, हे ऑडिओस्लेव्हच्या चाहत्यांना विचारा.

क्रीमचे तिघं २००५ च्या मे महिन्यात त्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये चार रात्री पुन्हा वाजवले. तालमी नीट केल्या होत्या, आवाज ताब्यात होता, रेकॉर्डिंग ऐकलंत तर कळेल की तिघं एकमेकांचं किती बारकाईने ऐकतायत. मग ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तीन रात्री ठरल्या, आणि तिथे ब्रूसच्या बासच्या आवाजावरून बेकरचं आणि त्याचं पुन्हा वाजलं.